आजोबा, तुमचा कान दिसतोय

आमच्या इमारतीत रविवारी रात्री साडेआठच्या सुमाराला जिना चढत गेलं, तर पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक बंद दारामागून एकच संवाद ऐकू येतो. "दिसतोय का?" "आवाज येतोय का?" "तुझा येतोय, माझा जातोय का?" डोंबिवलीत रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे अकरा, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की दहा. तिकडची मंडळी नुकती उठलेली आणि इकडची नुकती जेवलेली असल्यामुळे हाच मुहूर्त सगळ्यांना सोयीचा पडतो. पूर्वी हे संवाद बोलण्याच्या आवाजात चालत, कारण फोन हातात असे. हल्ली ते ओरडण्याच्या आवाजात चालतात, कारण कॉल टीव्हीवर गेला आहे.

टीव्हीवर कॉल न्यायची कल्पना घरातल्या माणसाला कधीच सुचत नाही. ती डिसेंबरात सुट्टीवर आलेल्या मुलाला सुचते. आल्या आल्या तो आईवडिलांच्या सगळ्या अडचणी दूर करायला घेतो. पाण्याचा फिल्टर बदलतो, गादी बदलतो, न बिघडलेला मिक्सर बदलतो, आणि शेवटच्या दिवशी बॅगा भरता भरता म्हणतो, "बाबा, एवढ्याशा फोनमध्ये डोळे कशाला फोडता? टीव्हीवर घ्या ना. एकदम सोपं आहे." मग तो फोनवर दोन ठिकाणी बोट लावतो, टीव्हीवर फोनचा पडदा उमटतो, सगळे "अरे वा!" म्हणतात आणि तो विमान पकडायला निघतो. त्या प्रात्यक्षिकात एवढीच उणीव राहते, की ज्याच्याशी बोलायचं तोच हॉलमध्ये उभा असल्यामुळे प्रत्यक्ष कॉल कोणी लावूनच बघितलेला नसतो.

आमच्या समोरच्या काकांकडे नेमकं हेच झालं. काका बँकेतून निवृत्त झालेले, दोनदा तपासल्याशिवाय सही न करणारे. मुलाने सांगितलेल्या पायऱ्या त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या. पुढच्या रविवारी काका-काकू सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. काकूंनी नवी साडी नेसलेली. समोर 43 इंची टीव्ही, त्यात नात. आणि नातीचं पहिलं वाक्य, "आजोबा, तुमचा कान दिसतोय!"

बिचारी खोटं बोलत नव्हती. काकांचा फोन सोफ्याच्या उजव्या हाताला स्टुलावर उभा केला होता, कारण प्लग तिथे होता आणि चार्जरची वायर तेवढीच होती. काका-काकू बघत होते टीव्हीकडे. कॅमेरा बघत होता त्यांच्याकडे, कडेने. काकांचा उजवा कान, त्यामागे काकूंचं अर्धं नाक. "थांब, नीट दिसतो," म्हणून काका उठले आणि माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे जातो तसे टीव्हीकडे गेले. त्यासरशी त्यांचा कानही गेला. न्यू जर्सीत आता फक्त काकूंचं नाक उरलं.

गोम अशी आहे, की व्हिडिओ कॉलला चार गोष्टी लागतात. समोरच्याला बघायला पडदा, ऐकायला स्पीकर, आपला आवाज धरायला माइक आणि आपला चेहरा टिपायला कॅमेरा. फोनमध्ये या चारही वीतभर जागेत एकत्र नांदतात, म्हणून त्या चार आहेत हे आपल्या कधी लक्षातच येत नाही. कॉल टीव्हीवर नेला, असं आपण म्हणतो, तेव्हा चारांतली एकच गोष्ट टीव्हीवर गेलेली असते. बाकीच्या तिघी फोन जिथे असेल तिथेच बसून राहतात. आमच्या इमारतीतल्या यच्चयावत रविवार-संकटांचं मूळ या वाटणीत आहे, असं माझं मत झालं आहे.

काकांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "कीर्तन फोनवरून टीव्हीवर लावतो तेव्हा कसं झकास चालतं. मग नातीलाच काय होतं अडखळायला?" प्रश्न बँकेच्या माणसाला शोभेसा होता. कीर्तन लावताना काका यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह दाबतात. तेव्हा फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, अमुक कीर्तन अमुक ठिकाणी आहे, तू आणून घे. टीव्ही ते इंटरनेटवरून स्वतः आणतो. फोन मोकळा होतो. त्यावरून दूधवाल्याशी भांडलं तरी कीर्तनात खंड पडत नाही. व्हॉट्सॲपच्या कॉलला असं चिन्हच नाही. तिथे करावं लागतं ते मिररिंग. त्यात फोन आपल्या पडद्याची चित्रं सेकंदासेकंदाला धडाधड काढतो, ती दाबून लहान करतो आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवतो. म्हणजे अमेरिकेतून नातीचं चित्र उतरवून घ्यायचं, आजी-आजोबांचं तिकडे चढवायचं, आणि वर तिसरं चित्र सहा फुटांवरच्या टीव्हीला पोचवायचं. तिन्ही कामं एकट्या फोनने, आणि बहुतेक घरांत एकाच वायफायवर. फोन तापतो, बॅटरी उतरते, म्हणूनच चार्जर लागतो आणि म्हणूनच स्टूल प्लगपाशी जातं.

त्यात काकांचा राउटर चपलांच्या कपाटावर, भिंतीपलीकडे. तो दोन लहरींवर चालतो. 2.4 गिगाहर्ट्झची लांब जाते, भिंती ओलांडते, पण त्याच लहरीवर अख्ख्या इमारतीचे राउटर गर्दी करून असतात. 5 गिगाहर्ट्झची मोकळी आणि वेगवान, पण भिंत आली की दमते. राउटर हॉलमध्ये आणून फोन आणि टीव्ही दोघांनाही 5 वाल्या नावावर बसवलं, की अर्धं अडखळणं थांबतं. उरलेलं अडखळणं कोणाचं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चित्र अडकलं की टीव्ही सोडून फोनकडे बघायचं. फोनमध्ये नात सुरळीत हसत असेल आणि टीव्हीतच तोंड उघडं टाकून थांबली असेल, तर दोष आपल्या घरातल्या वायफायचा. दोन्हीकडे थांबली असेल तर दोष बाहेरच्या इंटरनेटचा किंवा तिकडचा. ही खूण कळल्यापासून काका दर खेपेला निकाल जाहीर करतात आणि तो बहुतेक वेळा सुनेच्या माहेरहून आलेल्या राउटरच्या विरोधात लागतो.

टीव्ही फोनमधल्या यादीतच दिसत नाही, ही तक्रार त्याआधीची. ती बहुधा फोन मोबाइल डेटावर आणि टीव्ही वायफायवर असल्यामुळे होते. दोघं एका वायफायवर आले की दिसतो. पण काही टीव्ही आणि फोन राउटरला न विचारता एकमेकांशी थेट सूत जमवतात, आणि तिथे उलटी तक्रार होते. यादीत फारच टीव्ही दिसतात. आमच्या इमारतीत दिवाळीच्या सेलमध्ये अनेकांनी एकच मॉडेल घेतलं. त्या सगळ्या टीव्हींची कारखान्यातून आलेली नावं एकसारखी. काकूंनी त्यांतला पहिला निवडला. त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मालिकेत, ऐन कोर्टाच्या प्रसंगी, पडद्यावर परवानगी मागणारी चौकट उगवली. आजींनी ती घालवण्यासाठी ओके दाबलं. मालिका गेली आणि तिच्या जागी काकूंच्या फोनमधली व्हॉट्सॲपची यादी आली. यादीत सर्वांत वर 'भिशी नवीन' नावाचा गट होता. आजी फक्त 'भिशी' नावाच्या गटात होत्या.

तेव्हापासून दोन मजल्यांत बोलणं नाही. उपाय मात्र अगदी साधा होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीला स्वतःचं नाव द्यायचं. आता काकांच्या टीव्हीला आडनाव आणि फ्लॅट नंबर दोन्ही आहे.

मिररिंग म्हणजे फोनचा अख्खा पडदा, हे लोकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. कॉल चालू असताना आलेला मेसेज वरून सरकत येतो, तो 43 इंचांत येतो. बँकेचा ओटीपी येतो. केसगळतीच्या तेलाची जाहिरात येते. एकदा काकूंचे व्याही मुद्दाम नातीशी बोलायला आले होते. सगळे टीव्हीकडे टक लावून बसलेले. तेवढ्यात काकूंच्या धाकट्या बहिणीचा मेसेज नातीच्या कपाळावरून सरकत गेला, "गेले का गं, की अजून ठिय्या मारून आहेत?" नातीला तो दिसला नाही, तिकडे फक्त कॅमेऱ्याचं चित्र जातं. इथे मात्र सगळ्यांना दिसला. व्याही भला माणूस. ते म्हणाले, "चहा झाला की निघतोच." कॉल लावण्याआधी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकला की हे मेसेज सरकत यायचे थांबतात. बहिणी थांबत नाहीत.

आता चित्राच्या आकाराचं बघू, कारण एवढा खटाटोप त्याच्यासाठीच तर होता. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण 95 सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असतो. मुलगा तिकडे फोन उभा धरतो, काका इकडे फोन उभा ठेवतात. उभ्या फोनचा उंच-सडपातळ पडदा आडव्या टीव्हीत बसवायचा, तर उंची पुरेपूर भरते आणि रुंदी जेमतेम 24 सेंटीमीटर होते. म्हणजे टीव्हीचा एक चतुर्थांश भाग नातीला आणि तीन चतुर्थांश काळोखाला. काकांनी पट्टी लावून हे मोजलं आणि विकत घेतलेल्या 43 इंचांपैकी किती इंच वापरात आहेत याचा तक्ता केला. फोनचं ऑटो-रोटेट चालू करून तो आडवा ठेवायचा, एवढंच करायचं असतं. पण इकडे आडवा करून पुरत नाही. तिकडूनही आडवा धरला तरच चित्र टीव्हीभर पसरतं. दोन खंडांतली दोन माणसं एकाच वेळी फोन आडवा करतात, हा योग मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. एकाने केला की दुसरा म्हणतो, "तू आडवा का दिसतोयस?" आणि पहिला पुन्हा उभा करतो.

आणि आवाज. इथे काकूंना पहिल्या दिवसापासून संशय होता. नात बोलते टीव्हीत, पण आवाज येतो उजवीकडच्या स्टुलातून. मिररिंगमध्ये गाण्याचा किंवा सिनेमाचा आवाज चित्राबरोबर टीव्हीत जातो. कॉलचा आवाज मात्र बहुतेक अँड्रॉइड फोन वेगळा धरतात आणि तो दुसरीकडे जाऊ देत नाहीत. दुसऱ्याचं संभाषण कुठल्याही ॲपने चोरून उचलू नये म्हणून ही सोय आहे, आणि चांगली आहे. पण तिच्यामुळे घरात दोन नाती होतात, एक दिसणारी आणि एक ऐकू येणारी. त्यातही स्टुलातली आधी बोलते. तिचा आवाज फोनमधून लगेच बाहेर पडतो. चित्राला मात्र दाबलं जाणं, हवेतून जाणं आणि टीव्हीत पुन्हा उलगडणं एवढे सोपस्कार असल्यामुळे ते क्षणभर मागे राहतं. नात "आजी" म्हणते आणि मग तिचे ओठ हलतात. काकूंनी दोनचार वाक्यं निरखून पाहिलं आणि काकांना हळूच विचारलं, "अहो, हे डब केलंय का?"

यावरचा तोडगा मला आमच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने दाखवला, आणि तो इतका सोपा आहे की काकांनी तो वहीत लिहायलाही नकार दिला. टीव्हीवर चित्र दिसतंय ना? मग फोनचा पडदा आपल्याला बघायचाच नाहीये. मग फोनने आपल्याकडे तोंड करून का बसावं? फोन उचलायचा, टीव्हीच्या बरोबर खाली, मधोमध, आडवा उभा करायचा, पाठ आपल्याकडे. कॉलमध्ये कॅमेरा उलटवायचं बटण दाबायचं, म्हणजे मागचा कॅमेरा चालू होतो. मागचा कॅमेरा पुढच्यापेक्षा सहसा चांगला असतो, हा वरचा फायदा. आता काका टीव्हीकडे बघतात आणि तिथेच कॅमेराही असतो, म्हणून नातीला ते आपल्याकडे बघताना दिसतात. आवाजही टीव्हीच्या दिशेनेच येतो, म्हणून काकूंचा संशय निम्मा मिटतो. ॲपलवाल्यांनी 2023 साली आपल्या टीव्हीच्या डबीवर फेसटाइम आणलं, तेव्हा नेमकी हीच मांडणी केली. आयफोन टीव्हीखाली आडवा, पाठ सोफ्याकडे. फक्त तिथे आवाजही टीव्हीतून येतो आणि चित्र माणसांच्या मागे मागे फिरतं, आणि डबी व फोन दोन्ही त्यांचेच लागतात. आमच्या कॉलेजच्या मुलाने चिक्कीच्या दोन डब्यांचा आधार देऊन भागवलं.

पुढचा कॅमेरा सुटल्याचा आणखी एक परिणाम झाला. पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला आपलंच चित्र आरशासारखं दिसतं, मागच्यात सरळ. काकू आजवर कॉलभर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःकडे बघत आणि कपाळावरची बट उजव्या हाताने सारत. आता टीव्हीत बट भलत्याच बाजूला गेली. त्या हात नेत तिकडे ती नसे. पहिले दोन रविवार नातीला वाटलं, आजी टाटा करते आहे.

अडचण उरली ती अंतराची. हातातला फोन तोंडापासून फूटभर असतो. टीव्हीखालचा आठ फुटांवर. अंतर आठपट झालं की माइकपाशी पोचणाऱ्या आवाजाचा जोर आठव्या हिश्शावर येतो, आणि डोक्यावरचा पंखा मात्र पाचवर असतो. न्यू जर्सीत काकूंच्या दर वाक्याला वादळाची साथ मिळे. पंखा दोनवर आणला की फरक पडतो. माइक असलेला ब्लूटूथ स्पीकर सोफ्यापाशी ठेवला तर अधिकच पडतो. काकूंनी तिसरा मार्ग काढला. त्या ओरडू लागल्या.

एवढं सगळं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस विचारेल, की टीव्हीलाच कॅमेरा का नाही? होता ना. 2010 च्या सुमाराला टीव्ही बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी स्काइप असलेले टीव्ही आणि वर लावायचे कॅमेरे काढले होते. 2016 मध्ये टीव्हीवरचं स्काइप बंद झालं आणि मे 2025 मध्ये मूळ स्काइपच. फेसबुकने 2019 साली पोर्टल टीव्ही नावाचं यंत्र काढलं. ते टीव्हीवर ठेवायचं, त्यात कॅमेरा, माइक, आणि चक्क व्हॉट्सॲपचे कॉल. आमच्या इमारतीला हवं होतं ते नेमकं हेच. 2022 मध्ये कंपनीने तो धंदा आवरता घेतला. लोकांना टीव्हीवर कॉल हवा असतो, पण त्यासाठी वेगळी वस्तू विकत घ्यायची वेळ आली की फोन हातात आहेच, असा काहीसा हिशेब असावा.

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ही सगळी परंपरा बाजूला ठेवून बाजारातून स्वस्तातला यूएसबी कॅमेरा आणला आणि टीव्हीच्या पाठीमागे खोचला. टीव्हीने "यूएसबी जोडले आहे" असं आनंदाने सांगितलं आणि त्यात सिनेमे शोधू लागला. बहुतेक टीव्हींचं ते भोक पेनड्राइव्हसाठी असतं. कॅमेरा ओळखणारे अँड्रॉइड टीव्ही आहेत, पण त्यांच्यावर कॅमेरा वापरणारं कॉलचं ॲपही असावं लागतं. खोक्यावर 'टीव्ही कॅमेरा' लिहिलेलं असलं, तरी आपल्या टीव्हीचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का आणि आपली माणसं ज्या ॲपवर आहेत ते त्यावर चालतं का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाकीट उघडू नये. अमेरिकेतल्या सुनेला आपल्यासाठी नवं ॲप घ्यायला सांगणं ही तांत्रिक बाब नाही.

शेवटी काकांकडे जे टिकलं ते सर्वांत जुनाट दिसणारं साधन आहे. मुलाचा टाकून दिलेला लॅपटॉप, टीव्हीपर्यंत एचडीएमआयची वायर, आणि टीव्हीच्या डोक्यावर चिमट्याने बसवलेला, लॅपटॉपला जोडलेला वेबकॅम. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप आहे, त्यातून व्हिडिओ कॉल होतो. वायफायवर आता एकच काम, कारण टीव्हीपर्यंतचं चित्र वायरीतून जातं. कॉलच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, माइक आणि स्पीकर असे तीन वेगळे रकाने असतात, आणि काकांना त्या वाटणीचा साक्षात्कार झाला तो इथे. पहिल्या कॉलला कॅमेऱ्याच्या रकान्यात लॅपटॉपचा स्वतःचाच कॅमेरा राहिला होता. लॅपटॉप खालच्या कप्प्यात. न्यू जर्सीला काकांच्या पोटऱ्या दिसल्या.

कॅमेरा बदलला, पण मग मुलगा म्हणू लागला, "बाबा, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय." काका म्हणाले, "आमच्याकडे तर स्वच्छ आहे." दोघंही खरं बोलत होते, आणि दोघंही समोरच्याला राउटर बंद-चालू करायला सांगत होते. घुमणाऱ्या आवाजाचा न्याय उफराटा आहे. ज्याला ऐकू येतो त्याचा दोष नसतो. मुलाचा आवाज काकांच्या टीव्हीतून बाहेर पडत होता, काकांच्याच माइकमध्ये शिरत होता आणि परत न्यू जर्सीला जात होता. ॲप असा परतीचा आवाज ओळखून कापतं, पण टीव्ही तो किंचित उशिरा आणि चाळीसच्या व्हॉल्यूमवर सोडत असेल तर त्याचा हिशेब चुकतो. व्हॉल्यूम वीसवर आणला आणि टीव्ही 'गेम मोड'वर टाकला, म्हणजे तो चित्र-आवाजावर फारशी प्रक्रिया करत बसत नाही आणि उशीर कमी होतो. घुमणं थांबलं. बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी टीव्ही आता दर रविवारी गेम मोडवर असतो.

हे बघून मुलाला हुरूप आला. त्याने तिकडच्या 65 इंची टीव्हीवर कॅमेरा लावला, तोही 120 अंशांचा, म्हणजे सगळी खोली दिसेल. दिसली. पडदा दिसला, जेवणाचं टेबल दिसलं, टेबलाखालची मांजर दिसली. माणसं शोधावी लागली. हिशेब असा, की एवढ्या रुंद भिंगात आठ फुटांवर जवळपास आठ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. त्यात माणसाचा चेहरा पंधरा सेंटीमीटर. काकांच्या 95 सेंटीमीटरच्या टीव्हीवर तो जेमतेम दोन सेंटीमीटरचा उमटतो, सुपारीएवढा. ज्या नातीला मोठं बघायचं म्हणून हे सुरू झालं, ती फोनमध्ये याहून मोठी दिसत होती. काकांच्या वेबकॅमचा कोन सत्तर अंशांच्या आसपास, म्हणून तिकडे काका तरी लिंबाएवढे दिसत. मुलाने मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये झूम वाढवून कोन आवळला. काकांनी सोफा ओढून टीव्हीपासून पाच फुटांवर आणला. पाच फुटांवर चेहरा बराच मोठा होतो, आणि कॅमेरा वरून बघत असल्यामुळे टक्कलही होतं, पण त्याला इलाज टीव्ही भिंतीवरून खाली घेण्याचा आहे आणि त्याला काकूंची परवानगी नाही.

सोफा पुढे आल्यामुळे त्याच्यामागे दारापर्यंतचा सगळा हॉल मोकळा झाला आहे आणि तो आता अमेरिकेत दिसतो. गेल्या रविवारी कॉल ऐन रंगात असताना इस्त्रीवाला आला. दारातून आत येऊन त्याने गठ्ठा दिवाणावर ठेवला, कपडे एकेक करून दाखवले आणि सोळांचे पैसे मागितले. काकू मान वळवून म्हणाल्या, "चौदा दिले होते." तो म्हणाला, सोळा. काका वही आणायला उठले, तर 65 इंचांवरून नात म्हणाली, "आजी, सोळा आहेत. मी मोजले."

काकूंनी पैसे दिले. मग त्या टीव्हीकडे वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "त्या टेबलावरची ताटं कालची आहेत का गं?"